तेरा अँपियरच्या जागी साडेसहा

बाथरूम फिटिंगची सर्व्हिस करतो मी, त्यातला हा एक कॉल. काकूंचा फोन आला, "अरे, आधी पाच मिनिटांत वाफ यायची, आता वीस मिनिटं बसलं तरी नुसती कोमट हवा, आणि मधेच नोझलमधून उकळतं पाणी उडतं!" त्यांच्या मते स्टीमचं मशीनच भिकार निघालं.

गेलो. स्टीमची केबिन छोटी, अडीच घनमीटरच्या आसपास, म्हणजे 3 किलोवॅटचा जनरेटर बरोबरच होता. वायरीला क्लॅम्प मीटर लावला, 13 अँपियर दिसायला हवे तिथे साडेसहा. दोन एलिमेंटपैकी एक गेलेलं. टाकी उघडली तर आत पांढरा दगड, एलिमेंटवर जाड थर. क्षाराने एलिमेंटची उष्णता पाण्यात जातच नाही, मग ते स्वतःच तापून जळतं. लेव्हल प्रोबवरही तोच थर, त्यामुळे पाणी असूनही कंट्रोलरला टाकी रिकामी वाटायची आणि तो भरतच राहायचा, म्हणून ते उकळतं पाणी.

पण दोन वर्षांत एवढा क्षार कसा? मागे जाऊन बघतो तर ड्रेनच्या नळीला बूच मारलेलं! बसवणाऱ्याला जवळ सांडपाण्याची लाईन मिळाली नाही, फरशीवर पाणी येतं म्हणून वापरानंतर टाकीतलं क्षाराचं पाणी काढून टाकणारा ऑटो ड्रेनच बंद करून गेला (अशांना काय बोलायचं). अर्ध्या तासात दोनेक लिटर पाण्याची वाफ होते, क्षार मात्र टाकीतच राहतो, आणि बोअरच्या जड पाण्यात लिटरला 400 मिलिग्रॅम सहज असतो. आठवड्यातून दोनदा वापर धरला तर दोन वर्षांत दीडशे ग्रॅमच्या वर, सगळा चिकटत नाही पण बराचसा चिकटतो.

एलिमेंट बदललं, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात टाकी रात्रभर ठेवली, ड्रेन लाईनला जोडली.

काकूंनी विचारलं, ठेवायचं का हे? मी म्हटलं, वीज म्हणाल तर अर्ध्या तासाला दीडच युनिट, तो खर्च नाहीच. दोनतीन महिन्यांनी क्षार काढणार असाल आणि खरंच बसत असाल तर ठेवा. बसतात त्या, गुडघ्यांसाठी, म्हणून ठेवलं.

त्यांच्या शॉवरच्या डिजिटल पॅनेलबद्दल मात्र मी वेगळं सांगितलं. त्यातली इनलेटची जाळी साफ करून धार परत आली खरी, पण स्क्रीनच्या आत वाफेचा ओलावा शिरलेला, अर्धे आकडे दिसतच नव्हते, आणि त्या मॉडेलचा बोर्ड आता बनत नाही. एक बोर्ड गेला की अख्खा शॉवर बंद. त्याजागी साधा थर्मोस्टॅटिक मिक्सर लावायला सांगितलं, तापमान तोही धरून ठेवतो आणि त्यातलं कार्ट्रिज बदलता येतं. काकू म्हणाल्या, "पण यात गाणी लागतात रे." मी मिक्सरचं माप घेऊन आलो, फोन अजून आलेला नाही.