‘नाहीं’वरचं टिंब

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर मागाहून राहून जाईल. जुन्या पत्रांचं प्रूफ दोघांनी वाचायचं असेल, एकाने मूळ पत्र मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने छापील पानावर नजर ठेवायची असेल, तर वाचणाऱ्याने टिंबंसुद्धा वाचायला हवीत. ‘कांहीं’ आणि ‘काही’ कानाला सारखेच लागतात. आम्ही पहिली चाळीस पानं साधीच वाचली आणि नंतर ती सगळी पुन्हा करावी लागली. मग अण्णा वाचायला लागले, “कांहीं, दोन टिंबं. नाहीं, ही-वर टिंब.” दुपारभर हे ऐकून स्वयंपाकघरातून सून म्हणाली, “आई, तुम्ही दोघं हिशेब करताय की पुस्तक?”

अण्णा माझ्या बहिणीचे सासरे, वय ब्याऐंशी. रामबागेतल्या जुन्या घराच्या माळ्यावर त्यांना आजोबांच्या पत्रांची पेटी मिळाली. १९१२ ते १९३८ या काळातली पत्रं, बहुतेक इंदूर आणि पुणे यांच्यातली. निवड, टिपा आणि प्रस्तावना अण्णांची, प्रूफं माझी. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि लाल पेन हाताला चिकटलेलंच. तेच पहिल्या दिवशी नडलं. ‘प्रीति’ दिसलं की हात आपोआप वेलांटी दीर्घ करायला जाई.

टाइप करणं, पानं लावणं यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते त्या संस्थेबद्दल, जिच्याकडे आम्ही छपाईच्या अनुदानासाठी प्रत पाठवली. नाव घेत नाही. अडीच महिन्यांनी प्रत परत आली. पानापानावर लाल खुणा, आणि वर एक ओळ: ‘शुद्धलेखनाच्या चुका अतोनात. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.’ नाहीं, मुलें, आंत, पुन्हां, दोनशें, सगळ्यांची टिंबं खोडलेली. एका पत्रात आजोबांनी लिहिलं होतं, ‘मना सज्जना भक्तिपंथेंच जावें’. परीक्षकाने तिथे छापील श्लोकाप्रमाणे ‘भक्तिपंथेचि’ करून ठेवलं. आजोबांनी आठवणीतून लिहिलं, ‘चि’चा ‘च’ झाला, एक टिंब जास्तीचं पडलं. आता त्यांची आठवण आपण सुधारायची का? असा फरक पत्रात तसाच ठेवायचा. सांगायचाच असेल तर खाली टीप द्यायची.

मी फोन केला. उत्तर मिळालं, “नियम वाचा.” राग आला, पण वाचले. आणि कबूल करते, ते साफ चुकीचं बोलत नव्हते. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखननियमांपैकी पहिल्यांना सरकारने १९६२ मध्ये मान्यता दिली आणि न उच्चारली जाणारी टिंबं गेली, त्यांत उताऱ्यांचाही नियम आहे. केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळाप्रमाणे छापावं, त्यानंतरचं आजच्या नियमांप्रमाणे. आमची पत्रं १९१२ नंतरची, म्हणजे चिपळूणकरांच्या कितीतरी नंतरची. या नियमाने श्लोक वाचतो, पत्र मात्र सापडतं!

चार दिवस मी घुसमटले. मग अण्णाच म्हणाले, “अगं, त्यांच्याशी नियमावर भांडू नकोस. टिंब काढल्यावर काय हरवतं ते दाखव.”

ते दाखवायला एक पत्र पुरलं. पुण्याच्या धाकट्या भावाला आजोबा लिहितात, ‘तुझ्या मागील पत्रांत दोनशें रुपयांचा हिशेब आहे, तो मला जुळत नाहीं.’ परीक्षकाने ‘पत्रांत’चं ‘पत्रात’ केलं होतं. आजच्या लेखनात ‘पत्रात’ म्हणजे एका पत्रात, ‘पत्रांत’ म्हणजे अनेकांत. जुन्या लेखनात मात्र हे टिंब सप्तमीचं. एक पत्र असो की दहा, लिहायचं ‘पत्रांत’च. म्हणजे टिंब काढणारा नुसतं शुद्धलेखन करत नाही, एकच पत्र होतं असा निकाल देतो. भावाचं उत्तर पेटीत होतं: ‘दोन्ही पत्रें पुन्हां पाहिलीं.’ हिशेब दोन पत्रांत विभागलेला होता! लाल पेनाने एक पत्र गायब केलं होतं.

दुसरं उदाहरण त्याहून सरळ. एका पत्रात मामांच्या येण्याची वाट पाहणं आहे आणि पुण्याहून निघालेल्या पार्सलाचीही. पुढचं वाक्य: ‘काल सायंकाळीं तें पोहोंचलें.’ टिंबं आहेत तोवर कळतं की पार्सल आलं, मामा नव्हेत. टिंबं काढली की ‘ते पोहोचले’, आणि वाचणारा मामांना चहा देऊन मोकळा.

ही दोन उदाहरणं, वर श्लोकाचं तिसरं, असं दोन पानांचं टिपण पाठवलं. सोबत पत्रांच्या झेरॉक्स. मग पुन्हा दोन महिने शांतता. मी दर सोमवारी फोन करायचे, पलीकडून ‘फाइल वर गेली आहे’. शेवटी एकदा परीक्षक स्वतः फोनवर आले आणि म्हणाले, “पत्रं मुळाप्रमाणे राहू द्या, पण तसं सुरुवातीला स्पष्ट लिहा. आणि प्रस्तावना, टिपा आजच्या नियमांनी हव्यात.” ते तर आम्ही करणारच होतो. तरी मी “आभारी आहे” म्हटलं. फोन ठेवल्यावर काय म्हटलं ते लिहीत नाही.

इतकं झाल्यावर डीटीपी करणाऱ्या मुलाने घोटाळा केला. प्रस्तावनेत दोनतीन ठिकाणी ‘नाहीं’ राहिलं होतं, ते काढ म्हणून मी सांगितलं. त्याने वर्डमध्ये `Replace All` दाबलं आणि पत्रांतली सगळी ‘नाहीं’ एका क्षणात गेली. “ताई, सगळं एकदम करून टाकलं,” वर हेही! कळलं कसं? माझ्या वहीत आकडा होता. प्रत्येक फेरीपूर्वी मी फाइलमध्ये ‘नाहीं’, ‘कांहीं’ आणि ‘आंत’ शोधून किती वेळा सापडतात ते लिहून ठेवत असे. त्या दिवशी ‘नाहीं’ शून्य आलं. जुनी फाइल होती म्हणून निभावलं.

त्यानंतर पत्रांच्या मजकुराला एक स्टाइल दिली, संपादकाच्या मजकुराला दुसरी. बदल करताना `Replace`मध्ये `More`, मग `Format`, मग `Style` असं जाऊन फक्त संपादकाची स्टाइल निवडायची. पत्रांच्या स्टाइलला `Do not check spelling or grammar` लावलं, म्हणजे लाल रेघांनी डोळे चळत नाहीत. पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं.

मूळ म्हणून सगळंच सोडायचं असंही नाही. टाइप करणाऱ्याची चूक ही चूकच. शंका आली की पत्र काढायचं. पत्रात तसं असेल तर हात लावायचा नाही, नसेल तर दुरुस्त. आजोबांनी इंदूर तीन तऱ्हांनी लिहिलंय: इंदूर, इंदुर, इंदोर. तिन्ही ठेवले. लिहिताना शब्दच सुटला असेल तिथे तो चौकटी कंसात घातला. ‘मूळप्रमाणे’ अशी खूण साऱ्या पुस्तकात पाचच जागी आहे, जिथे वाचकाला छपाईची चूक वाटेल तिथे.

एक जागा मात्र शेवटपर्यंत निसटली होती. प्रस्तावनेत अण्णांनी त्याच हिशेबाच्या पत्रातलं वाक्य अवतरणात घेतलं होतं, आणि प्रस्तावना आजच्या नियमांनी करताना मीच त्यातलं ‘पत्रांत’ बदलून ‘पत्रात’ केलं होतं. ज्या शब्दासाठी दोन महिने फोन केले, तोच! छपाईच्या आदल्या संध्याकाळी अण्णांना दिसलं. ते काही बोलले नाहीत. नुसतं पान माझ्यापुढे सरकवलं आणि पेन दिलं. या वेळी निळं.