सोलापुरातले सकाळचे सात म्हणजे शिकागोत किती?

सोलापुरातून घरी बसून परदेशी कंपनीचं काम करणारी मुलंमुली आता बरीच आहेत. त्यांच्याकडून आम्हाला इथे शिकागोत एक प्रश्न वारंवार येतो: मीटिंगची वेळ तिकडच्या घड्याळात कशी बसवायची? "साडेदहा तास वजा कर" हे उत्तर वर्षातले काही महिनेच बरोबर असतं, म्हणून ते पाठ करू नका. वेळ मधल्या एका घड्याळावर नेऊन मग तिकडे न्यायची सवय लावा. त्या घड्याळाला यूटीसी म्हणतात. ते ना सोलापूरचं, ना शिकागोचं, आणि ते कधीही मागेपुढे होत नाही.

आधी वेळ चोवीस तासांत लिहा, रेल्वेच्या वेळापत्रकात असते तशी. शेजारी वार आणि तारीखही लिहा. समजा, तुम्हाला मीटिंग सोलापूरच्या वेळेनुसार शुक्रवार, 23 ऑक्टोबर 2026 रोजी सकाळी 7:00 ला ठेवायची आहे.

भारताचं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून 5:30 वजा करा. सातातून साडेपाच गेले, उरले 1:30. म्हणजे यूटीसीनुसार शुक्रवारची पहाट, दीड वाजलेले. नवीन माणूस इथे मिनिटांत चुकतो. मीटिंग 7:15 ला असेल, तर पंधरातून तीस जात नाहीत. एक तास मोडून साठ मिनिटं घ्यावी लागतात, शंभर नव्हे. सोपं करायचं तर आधी पाच तास मागे जा (2:15) आणि मग अर्धा तास (1:45).

आता यूटीसीवरून शिकागो. ऑक्टोबरात शिकागो यूटीसीच्या पाच तास मागे असतं. 1:30 मधून पाच जात नाहीत, म्हणून चोवीस मिळवा: 25:30 वजा 5:00, उत्तर 20:30. चोवीस मिळवले की वार आणि तारीख एकाने मागे घ्यायची. म्हणजे शिकागोत गुरुवार, 22 ऑक्टोबर, रात्रीचे साडेआठ.

सगळ्यात जास्त घोळ वाराचाच होतो, आणि त्याला आपली बोलायची पद्धतही कारणीभूत आहे. मध्यरात्र उलटली तरी झोपेपर्यंत आपण "गुरुवारी रात्री दीड वाजता" असंच म्हणतो. घड्याळाच्या हिशेबात तेव्हा शुक्रवार लागलेला असतो. रात्री साडेबाराच्या गाडीचं तिकीट आदल्या तारखेचं काढणाऱ्याची गाडी एक दिवस आधीच गेलेली असते, तसंच हे. म्हणून निरोपात "रात्री" एवढंच लिहू नका, तारीख लिहा.

आता हे साडेदहाचं गणित कुठे मोडतं ते बघा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. 2026 मध्ये तो रविवार 1 नोव्हेंबरला येतो. त्या पहाटे दोन वाजले की घड्याळ पुन्हा एकवर येतं, आणि शिकागो यूटीसीच्या सहा तास मागे जातं. भारतात घड्याळ हलत नाही, त्यामुळे आपल्यातलं अंतर साडेअकरा तासांचं होतं.

तीच मीटिंग शुक्रवार, 6 नोव्हेंबरला घेतली तर? सोलापूर 7:00, यूटीसी 1:30, त्यातून सहा वजा: गुरुवार 5 नोव्हेंबर, 19:30. सहकाऱ्याला साडेआठऐवजी साडेसातला हजर राहावं लागेल. पण दर आठवड्याची मीटिंग त्याने शिकागोच्या वेळेनुसार कॅलेंडरमध्ये टाकली असेल, तर त्याचे साडेआठ तसेच राहतात आणि तुमचे सात सरकून आठ होतात. कुणाचं घड्याळ धरायचं, हे म्हणूनच पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. कॅलेंडरमध्ये मीटिंग उघडली की तिचा टाइम झोन दिसतो: तिथे Asia/Kolkata किंवा भारताचं नाव असेल तर तुमची वेळ स्थिर, America/Chicago किंवा शिकागोचं नाव असेल तर त्याची.

आद्याक्षरांवर मात्र विसंबू नका. इकडचे लोक बोलण्याच्या ओघात बाराही महिने CST लिहितात. खरं तर ते हिवाळ्याच्या वेळेचं नाव आहे, उन्हाळी वेळेला CDT म्हणतात. ऑक्टोबरात कुणी "8:30 PM CST" लिहिलं आणि तुम्ही ते शब्दशः धरून सहा तासांचा हिशेब केला, तर सोलापुरात आठ येतील आणि तोवर मीटिंगला एक तास झालेला असेल. चीनच्या वेळेलाही CST म्हणतात, आणि IST म्हणजे भारत, आयर्लंड किंवा इस्रायल यांपैकी काहीही असू शकतं. अशी अक्षरं आली की सरळ विचारा, "शिकागोच्या घड्याळात किती?"

निरोप पाठवताना दोन्ही वेळा लिहा: "शुक्रवार 23 ऑक्टोबर, 07:00 सोलापूर / गुरुवार 22 ऑक्टोबर, 20:30 शिकागो". हिशेब चुकला असेल तर समोरच्याला तो वाचताक्षणीच दिसतो.