भरीव ठिपक्यांचा पाय

फोटोसंग्रहात माझं काम कॅप्शन तपासण्याचं. प्राण्याचं नाव चुकलं तर ते पुस्तकात छापलं जातं आणि मुलं तेच पाठ करतात, म्हणून या बाबतीत मी कुणाचीही घाई ऐकत नाही.

त्या दिवशी आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातली एक मालिका आली. सगळ्या फोटोंवर फोटोग्राफरने ‘चित्ता’ लिहिलेलं, आणि शालेय पुस्तकासाठी त्यातला एक संध्याकाळपर्यंत हवा होता. प्राणी पोटापर्यंत गवतात, पुढचा एक पाय दगडावर, तोंड पलीकडे वळलेलं. म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत उतरणारी चित्त्याची काळी रेघ बघायची सोय नाही. बहुतेकांना तेवढीच खूण माहीत असते. चेहरा दिसला नाही की ते अंदाज बांधायला लागतात.

सहकारी म्हणाला, “अगं, पायावरचे ठिपके बघ ना, एकदम भरीव. चित्ताच आहे.”

ठिपके भरीव होते हे खरं. पण बिबट्याच्याही पायांवर, डोक्यावर आणि पोटाखाली ठिपके भरीवच असतात. निवाडा करायचा तो बरगड्यांवर आणि पाठीवर. आमच्याकडे मात्र निवड छोट्या प्रतीवरून होते, आणि लहान केलेल्या फोटोत बिबट्याची पोकळ वर्तुळंसुद्धा मिटून काळे ठिपके होतात. ही पद्धत मला कधीच पटलेली नाही.

मूळ फाइल मागवली आणि पायापासून वर सरकत गेले. कोपरापर्यंत सुटे, भरीव ठिपके. खांद्यापाशी ते तीन-तीन, चार-चार असे जवळ आले. बरगड्यांवर त्यांची तुटक कडी झाली आणि कडीच्या आतला रंग बाहेरच्या कातडीपेक्षा गडद पिवळसर. चित्त्याच्या अंगावर असं कुठेच होत नाही. त्याचा ठिपका पाठीवरही गोल, भरीव आणि एकेकटाच राहतो.

मग बांधा पाहिला. पाय गवतात असल्यामुळे उंचीचा उपयोग नव्हता. पण मान जाड होती, आणि पोटाची रेघ मागे जवळजवळ सरळ जात होती. चित्त्याची छाती खोल असते आणि कंबर एकदम वर ओढलेली. डोकंही अंगाच्या मानाने लहान दिसतं. मी कॅप्शन बदलून ‘बिबट्या’ केलं.

मालिकेतली शेवटची फ्रेम सूर्याच्या विरुद्ध घेतलेली आहे. तिच्यात समोरून आलेल्या प्राण्याची काळी आकृती तेवढी दिसते, कातडी नाहीच. उंच गवतात खांद्याखालचं काही कळत नाही. सहकाऱ्याचं म्हणणं, “तोच दिवस, तीच जागा, मग तोच प्राणी.” हे मला मान्य नाही, कारण त्या गवताळ प्रदेशात दोघंही वावरतात. नाकाच्या बाजूला एक गडद पट्टा भासतो, पण अशा उजेडात सावलीही तशीच पडते. मी तिच्यावर ‘प्रजाती अनिश्चित’ लिहिलं. विक्री विभाग नाराज आहे, आणि मी अजून दोन-चार दिवसांआड ती फाइल उघडते.