साडेसदतीस हजार कुठे लिहिलेत?

कोथरूडमधल्या एका टू बीएचकेचा भाडेकरार मीच नोंदवला होता. २२ महिने मुदत, भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००. आठवा महिना संपत आला तेव्हा भाडेकरू मुलाचा फोन आला. "काका, आई गावाहून राहायला येतेय, एक मित्रही येतोय. दोघांची नावं टाकायचीत, आधार पाठवतो." घरमालकीण काकू म्हणाल्या, "पेनाने लिहून टाक की, मी सही करते."

नोंदवलेल्या करारात पेन चालत नाही. शिवाय ही दोन नावं सारखी नव्हती. मुलाच्या करारात कुटुंबीयांनी राहण्याची मुभा होतीच. म्हणून आईसाठी काकूंचं संमतीपत्र, आधारची प्रत, फोटो घेतला, पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदीत आणि सोसायटीला कळवलं. एका संध्याकाळचं काम.

मित्र निम्मं भाडं देणार होता. त्याला तसाच राहू दिला तर ते पोटभाडेकरू ठेवणं झालं असतं, आणि करारात त्याला बंदी होती. काकूंना मी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातलं ५५ वं कलम समजावलं. करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेणं मालकाची जबाबदारी असते. तो नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच धरलं जातं, खोटं ठरवायचं काम मालकाचं. मग त्या तयार झाल्या. जुना करार संमतीने रद्द करायचा आणि उरलेल्या १४ महिन्यांचा दोघांच्या नावे नवा करायचा.

मित्राशी मी मुलामार्फत बोललो नाही, थेट भेटलो. आधारवर गावचा पत्ता होता, म्हणून कंपनीचं ओळखपत्र आणि आधीच्या घरमालकांचा नंबर मागितला. त्यांना फोन केला. भाडं वेळेवर देत होता, बाकी काही नाही, असं ते म्हणाले.

अंगठे घ्यायला काकूंच्या घरी बसलो तेव्हा मित्राने मसुदा वाचला आणि विचारलं, "माझे साडेसदतीस हजार कुठे लिहिलेत?" मी थांबलोच. त्याने निम्मं डिपॉझिट मुलाला परस्पर यूपीआयने दिलं होतं. मसुद्यात पूर्ण ७५,००० मुलाच्या नावावर होते. उद्या मुलगा आधी सोडून गेला असता तर काकूंनी सगळी रक्कम त्यालाच परत केली असती आणि मित्राकडे दाखवायला कागद नसता. हे मी पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. माझ्याकडून राहून गेलं.

अंगठे न घेता उठलो. मुलाने मित्राचे पैसे परत केले. मित्राने ३७,५०० काकूंच्या खात्यात भरले, काकूंनी तेवढेच मुलाला परत दिले. नव्या मसुद्यात प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहिली, एकजण सोडून गेला तर कोणाला किती आणि कधी परत करायचे तेही. भाड्याला मात्र दोघं मिळून जबाबदार. मुद्रांक आणि नोंदणी फीचा खर्च मित्राने स्वतःहून उचलला.

चौथ्या दिवशी अंगठे झाले. मुलाची आई चहा घेऊन आली आणि काकूंच्या शेजारी बसली.