चार रविवार, चार माणसं: घरच्या स्वयंपाकवर्गाचा माझा अनुभव

पहिल्या बॅचला मी आठ जणांना घेतलं होतं. दोन नवी जोडपी आणि हिंजवडीत नोकरी करणारी चार मुलं. माझं कर्वेनगरचं स्वयंपाकघर दहा बाय आठचं, ओटा एक, शेगडी तीन बर्नरची. चार रविवारांची फी माणशी १,००० रुपये ठेवली. मेनू ठरवताना मी मुलांना विचारलं, "काय शिकायचंय?" उत्तर आलं: पनीर बटर मसाला, व्हेज पुलाव, पावभाजी. मीही तेच शिकवलं.

चारही रविवार एकच दृश्य होतं. दोघं करायचे आणि सहा जण बघायचे. जोडप्यांतली मुलगी पळी धरायची, नवरा फोनवर व्हिडिओ काढायचा. महिन्याने त्यांतल्या एकाला विचारलं, काय करतोस घरी? तो म्हणाला, "काकू, पनीर एकदा केलं. पण रोज संध्याकाळी आठला घरी आल्यावर ते होत नाही." त्याचा डबा अजून बाहेरूनच येत होता.

त्या बॅचचा हिशेब मी नंतर मांडला. फी जमली ८,०००. पनीर, काजू, बटर, क्रीम, भाज्या, किराणा मिळून चार दिवसांत ३,९०० गेले. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना दर रविवारी जास्तीचे १५० दिले, ते ६००. उरले ३,५००. वर्ग तीन तासांचा, पण बाजार, चिरणं, नंतरची आवराआवर धरून रविवारचे सात तास जायचे. चार रविवारांचे अठ्ठावीस तास, म्हणजे तासाला १२५ रुपये. पैशापेक्षा जास्त हे लागलं की कुणीच स्वतःच्या हाताने स्वयंपाक करायला शिकलं नव्हतं.

तेव्हा एक नियम केला: एका माणसाला एक आच. तीन बर्नरच्या शेगडीवर दोनच जण नीट उभे राहतात, मधला बर्नर अडचणीचा. जेवणाच्या टेबलावर दोन इंडक्शन मांडले. म्हणून बॅच चारची. नवराबायको आले तरी दोघांना वेगवेगळी आच, आणि प्रत्येकाने दोन माणसांपुरतं करायचं.

हे दोन माणसांपुरतं प्रकरण मला वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. मी तीस वर्षं सहा माणसांचा स्वयंपाक अंदाजाने करत आले. दोघांसाठी मीठ किती, हे मलाच सांगता येईना. मग लेकीने वजनकाटा आणला. मी मुठीत मीठ घेतलं की ती ते आधी काट्यावर टाकायला लावायची. पंधरा दिवस आम्ही घरचा रोजचा स्वयंपाक तसा मोजून केला आणि वही भरली. दोघांच्या पोह्यांना १५० ग्रॅम जाड पोहे, एक मोठा कांदा, दोन मोठे चमचे तेल, पाऊण लहान चमचा मीठ. वरणाला अर्धी वाटी तूरडाळ, भाताला एक वाटी तांदूळ. आईला फोन केला की "घाल अंदाजाने" असं उत्तर मिळतं, आणि ज्याच्याकडे अंदाज नाही तो तिथेच अडतो. वहीतली मापं म्हणजे अंदाज येईपर्यंत धरायचा कठडा आहे.

मेनू चार दिवसांचा ठरला. पहिल्या दिवशी फोडणी, म्हणजे पोहे आणि काकडीची कोशिंबीर. दुसऱ्या दिवशी कुकर: वरण, भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. तिसऱ्या दिवशी कणीक, फुलके आणि कोबीची भाजी. चौथ्या दिवशी मटकीची उसळ आणि आधीचं सगळं मिळून पूर्ण ताट, मी मध्ये न पडता.

पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ एकट्या फोडणीत जातो, आणि तो जायलाच हवा. एका नव्या सुनेने विचारलं होतं, "काकू, मोहरी तडतडली की म्हणजे किती सेकंद?" प्रश्न बरोबर होता. तेव्हापासून मी आधी दोनच दाणे तेलात टाकायला सांगते. ते तळाशी गप्प बसले तर तेल थंड आहे. लगेच उडून काळे पडले तर तेल जास्त तापलंय, आच बंद करून मिनिटभर थांबायचं. दोन-तीन सेकंदांत फुटले तर उरलेली मोहरी घालायची, आणि तडतड ओसरत आली की जिरं, हिंग, मिरची, कढीपत्ता. हळद सगळ्यांत शेवटी, आणि तिच्या मागोमाग कांदा. हळद तेलात एकटी राहिली की करपते आणि पोहे कडवट होतात. प्रत्येकाकडून मी चमचाभर तेलाची एक फोडणी मुद्दाम जाळून घेते. तो वास एकदा नाकात बसला की पुढे सांगावं लागत नाही.

इंडक्शनवर हेच वेगळं वागतं. फोडणीची छोटी पळी त्यावर चालत नाही. बूड इतकं लहान असतं की इंडक्शनला भांडं ठेवलंय हेच कळत नाही. ॲल्युमिनियमची कढईही चालत नाही. सपाट बुडाची लोखंडी कढई उत्तम. पण तेल फार पटकन तापतं, म्हणून मधल्या आकड्यावर सुरू करायचं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बहुतेक मुलांकडे इंडक्शनच असतो, आणि गॅसवर शिकवलेलं त्यांना तिथे जमत नाही. टेबलावर इंडक्शन मांडले ते जागा कमी म्हणून, पण त्यांचा खरा उपयोग हा झाला.

कुकरच्या दिवशी भीती घालवायची असते. डाळ अर्धा तास भिजवायची, तिच्या तिप्पट पाणी, हिंग, हळद, थेंबभर तेल. टोमॅटो किंवा चिंच आधी घालायची नाही, आंबटाने डाळ लवकर शिजत नाही. तांदळाला दुप्पट पाणी. डब्यांखाली कुकरच्या तळाशी पाणी आहे ना, हे झाकण लावण्याआधी मोठ्याने म्हणायचं. मध्यम आचेवर चार शिट्ट्या, आणि वाफ आपोआप उतरू द्यायची. एक मुलगा तक्रार घेऊन आला की त्याच्या घरी शिट्टीच होत नाही, डाळ कच्ची राहते. त्याला कुकर घेऊन यायला सांगितलं. गॅसवर ठेवल्यावर वाफ झाकणाच्या कडेने येत होती. रिंग सैल झाली होती. नवी रिंग बसवली आणि त्याच डाळीचं गोळीबंद वरण झालं.

पोळीबाबत माझं ठाम मत आहे की घडीची पोळी चार रविवारांत येत नाही. फुलका येतो. १५० ग्रॅम कणकेला साधारण ९५ मिलिलिटर पाणी. शेवटचे दोन चमचे हातात राखून ठेवायचे, कारण गिरणीचं पीठ आणि पाकिटातलं पीठ सारखं पाणी पीत नाही. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी. वीस मिनिटं झाकून ठेवली की आठ गोळे होतात. लाटताना कडा फाटत असतील तर कणीक घट्ट आहे. फुगत नसेल तर बहुतेक वेळा मध्ये जाड आणि कडेला पातळ लाटलेलं असतं, किंवा तवा पुरेसा तापलेला नसतो. इंडक्शनवाल्यांना ज्वाळ मिळत नाही, म्हणून त्यांनी तव्यावरच घडी केलेल्या फडक्याने कडेकडेने हलकं दाबायचं.

आता हिशेब. दुसऱ्या दिवसाचा सांगते, चौघांनी दोन-दोन माणसांपुरतं केलं तेव्हाचा. डाळ २६० ग्रॅम लागली, तिचे ४२ रुपये. तांदूळ सव्वापाचशे-साडेपाचशे ग्रॅम, ३९. किलोभर बटाटे ३५, काकड्या ४०, दही ४०. कोथिंबीर, मिरची, लिंबं, कढीपत्ता मिळून ४०. दाण्याचं कूट १५, तेल १८, वरणावरचं तूप ४०. पूर्वी मी हिंग, हळद, साखर, मीठ धरतच नसे, आता त्याचे २५ लावते. गॅस आणि विजेचे ४०. बेरीज ३७४ होते, भाव वरखाली होतात म्हणून मी ४०० धरते. मावशींचे १५० मिळवले की दिवसाला ५५०. बाकीचे तीन दिवसही याच्याच आसपास जातात, म्हणजे बॅचला २,२००.

फी आता माणशी २,२००, जोडप्याला मिळून ४,०००. सवलत दोघंही चारही दिवस येणार असतील तरच. एक जोडपं आणि दोन एकटे अशी बॅच भरली की ८,४०० जमतात, खर्च वजा जाता ६,२०० उरतात. मेनू साधा झाल्याने तयारी पाच तासांत आटपते, वर्ग धरून. वीस तासांचे तासाला ३१० पडतात.

एक जागा रिकामी राहिली तर काय होतं, हे मला एका बॅचने शिकवलं. एकजण आदल्या रात्री "येत नाही" म्हणाला. २,२०० गेले, आणि सामानात वाचले सगळे मिळून तीनशे-साडेतीनशे, कारण मावशी आणि माझा वेळ तेवढाच लागतो. तेव्हापासून निम्मी फी आगाऊ घेते. एखादा रविवार चुकला तर तो दिवस पुढच्या बॅचमध्ये भरून देते, पैसे परत देत नाही. हे पहिल्याच फोनवर सांगते, म्हणजे नंतर कुणाचं मन दुखावत नाही.

चौथ्या दिवसाची मटकी मी देत नाही, ती घरून मोड आणून आणायची. शुक्रवारी सकाळी भिजवायची, रात्री पाणी काढून ओल्या फडक्यात बांधायची, शनिवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात, मग रविवारपर्यंत फ्रिजमध्ये. मागच्या डिसेंबरात चौघांपैकी तिघांची मटकी नुसती फुगलेली आली, मोडाचं नाव नाही. पुण्याच्या थंडीत फडकं ओट्यावर ठेवून चालत नाही. मी माझ्याकडची मटकी दिली आणि ताटं वेळेत झाली. आता थंडीच्या बॅचला गुरुवारी रात्रीच भिजवायला सांगते, आणि पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून बंद कपाटात ठेवायला.