आधी ठोके सांगा

"पहिल्या वेळी तसं झाल्यावर दुसऱ्या खेपेला सोनोग्राफीला जाताना भीती नाही वाटली का? डॉक्टर अशा वेळी काही वेगळं करतात का?"

वाटली, आणि शेवटपर्यंत वाटत राहिली. रिपोर्ट चांगला आला की चार दिवस बरे जायचे, मग पुढच्या तारखेची धास्ती सुरू. पहिल्या खेपेला मला कसलाच त्रास नव्हता. अंगावरून गेलं नाही, पोटात दुखलं नाही. नवव्या आठवड्यात सोनोग्राफी केली तेव्हा कळलं, की बाळाची वाढ सातव्यातच थांबली होती. अशा मिस्ड ॲबॉर्शननंतर 'काही होत नाहीये, म्हणजे सगळं ठीक आहे' असं स्वतःला समजावता येत नाही.

म्हणून या वेळी टेस्ट पॉझिटिव्ह आल्याबरोबर मला सोनोग्राफी हवी होती. आमच्या मॅडमनी ती केली नाही. म्हणाल्या, "आत्ता पाचवा आठवडा आहे. नुसती पिशवी दिसेल, ठोके दिसणार नाहीत, आणि तू आठवडाभर झोपणार नाहीस. सात आठवडे पूर्ण होऊ देत." आतून केलेल्या सोनोग्राफीत ठोके साधारण सहाव्या आठवड्यात दिसायला लागतात, आणि बीज उशिरा सुटलं असेल तर त्याहूनही उशिरा. बाळाची लांबी 7 मिलिमीटरपेक्षा कमी असताना ठोके दिसले नाहीत, तर तेवढ्यावरून गर्भ गेला असं ठरवत नाहीत; किमान आठवडाभर थांबून पुन्हा बघतात. हे मधलं थांबणं आधीच पोळलेल्या बाईला फार जड जातं. मॅडमनी तेच टाळलं, आणि मला ते औषधाइतकं मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट त्यांनी चिठ्ठीवर केली. रेडिओलॉजिस्टच्या नावाने लिहिलं: आधीचं मिस्ड ॲबॉर्शन, कृपया सर्वांत आधी ठोके सांगावेत. मागच्या वेळी स्क्रीन दुसरीकडे वळवलेली होती आणि बराच वेळ कुणी बोललंच नव्हतं, तेव्हापासून मला त्या खोलीतली शांतता सहन होत नव्हती. या वेळी सोनोग्राफीआधी कायद्याने भरावा लागणाऱ्या फॉर्म एफवर सही झाली, मी टेबलावर आडवी झाले, आणि काही क्षणांत त्या डॉक्टर म्हणाल्या, "ठोके आहेत, चांगले आहेत. आता मी मापं घेतेय, थोडा वेळ बोलणार नाही. घाबरू नका, मापं घेताना मी गप्पच असते." पीसीपीएनडीटी कायद्याने बाळाचं लिंग सांगायला बंदी आहे, ठोके सांगायला नाही. तुमच्या सेंटरमध्ये स्क्रीन दाखवत नसतील तरी ठोके आहेत की नाहीत हे लगेच सांगा, असं आत जातानाच म्हणा.

नववा आठवडा सगळ्यात कठीण गेला, कारण मागच्या वेळी तिथेच कळलं होतं. मॅडमनी एरवी न केलेली एक छोटी सोनोग्राफी त्याच आठवड्यात ठेवली. बाळ 23 मिलिमीटर, ठोके मिनिटाला 170 च्या आसपास. मागच्या वेळचं माप 10 मिलिमीटरवर अडकलं होतं, ते मला पाठ होतं. पण त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं, की या जादा सोनोग्राफीने बाळाचं काही राखलं जात नाही. आज ते ठीक आहे एवढंच कळतं. मला तेवढंच हवं होतं.

पुढे दहाव्या-अकराव्या आठवड्यात मळमळ एकदम कमी झाली आणि माझे हातपाय गार पडले. फोन केला तर त्या म्हणाल्या, एचसीजी हे गरोदरपणातलं हार्मोन याच सुमाराला शिखराला पोचून उतरायला लागतं, बऱ्याच जणींची मळमळ तेव्हाच ओसरते. तरीही दुसऱ्या दिवशी बोलावून पोटावर ठोके ऐकायचा डॉपलर लावला. पुढच्या आठवड्यात बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी एनटी स्कॅन झाली, मग पाचव्या महिन्यात बाळाचे अवयव तपासणारी ॲनोमली स्कॅन; मधल्या प्रत्येक भेटीत वजन आणि बीपीच्याही आधी ठोके ऐकवायचे, असा त्यांनी नेमच केला.

घरी वापरायचा डॉपलर मात्र त्यांनी घेऊ दिला नाही. नणंदबाई आणून देणार होत्या. त्यावर आईचीच नाडी बाळाचे ठोके वाटू शकते, आणि बाळ खरंच अडचणीत असताना खोटा धीर येतो. उलट सुरुवातीच्या महिन्यांत ठोके सापडले नाहीत, की उगाच जीव टांगणीला.

हालचाल लागल्यावर भीतीचं रूप बदललं. माझी वार पुढच्या बाजूला होती, त्यामुळे हालचाल उशिरा आणि मऊ जाणवायची. ॲनोमली स्कॅनमध्ये वार दिसली तेव्हाच मॅडमनी हे सांगून ठेवलं होतं, म्हणून ते आठवडे निभले. सातव्या महिन्यानंतर त्यांचा नियम एकच होता: नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली, तर गोड खाऊन वाट बघत बसायचं नाही, सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच वेळी यायचं. मी एकदा रात्री अकराला गेले. बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारा एनएसटीचा पट्टा लावला, आलेख चांगला आला, आणि ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "पुन्हा वाटलं तर पुन्हा या."