13 टक्क्यांचा फरक खरा आहे का?

«सर, गणितात मागच्या साली 74 टक्के होते, यंदा 87. निकाल वाढला हे डोळ्यानं दिसतेच आहे, मंग त्याच्यावर अजून गणित कायले करता?»

तुम्ही विचारलंत म्हणून आधी टक्के बाजूला ठेवतो आणि मुलं मोजतो. मागच्या वर्षी दहावीला 42 मुलं बसली, 31 पास झाली. यंदा 38 बसली, 33 पास झाली. म्हणजे यंदाच्या बॅचमध्ये एक मूल म्हणजेच 2.6 टक्के. तीन पोरं काठावर अडकली असती, तर 87 चे 79 झाले असते. यवतमाळकडच्या आमच्या शाळांमध्ये कापूस वेचणीच्या दिवसांत तीन पोरं महिनाभर वर्गात न दिसणं ही नेहमीचीच गोष्ट आहे. एवढ्या लहान बॅचचे टक्के शिकवण्यात काहीही बदल न होताही वर-खाली होतात, म्हणून नुसते बघून निकाल लावता येत नाही.

मग किती वर-खाली होणं साहजिक धरायचं? प्रमाणांची चाचणी नेमकं हेच सांगते. सुरुवातीला धरून चालायचं की दोन्ही बॅच सारख्याच आहेत. मग दोन्ही मिळून 80 पैकी 64 पास, म्हणजे 80 टक्के. पास होण्याचं खरं प्रमाण दोन्हीकडे हेच असेल, तर 42 आणि 38 च्या बॅचमध्ये केवळ योगायोगानं किती अंतर पडेल, ते या सूत्रातून निघतं:

```
SE = sqrt(0.80*0.20*(1/42 + 1/38)) = 0.08955
z  = (0.8684 - 0.7381) / 0.08955 = 1.46
```

SE म्हणजे योगायोगाचा हेलकावा, आणि साधारण 9 टक्क्यांचा हेलकावा हा या आकाराच्या बॅचचा स्वभावच आहे. अंतर या हेलकाव्याच्या किती पट आहे, ते z सांगतो. आपलं 13 टक्क्यांचं अंतर त्याच्या दीडपटही नाही. रूढ 5 टक्क्यांची पातळी धरली, तर ते 1.96 पटीच्या पुढे जायला हवं होतं. एक्सेलमध्ये `=2*(1-NORM.S.DIST(1.46,TRUE))` टाका, 0.14 च्या आसपास येईल. याचा अर्थ असा की काहीच बदललेलं नसतानाही, अशा दोन बॅचमध्ये एवढं किंवा याहून जास्त अंतर सातांत एकदा दिसू शकतं.

आता इथे मुख्याध्यापक नाराज होतात. «म्हणजे आमच्या जादा तासांचा काही उपयोग नाही?» असं मी म्हणत नाही, आणि चाचणीही म्हणत नाही. अंतराची 95 टक्के विश्वासाची मर्यादा काढली, तर ती 4 टक्के घट ते 30 टक्के वाढ इतकी पसरट येते. वाढ झालेली असू शकते, चांगली मोठीही असू शकते. पण एवढ्या मुलांवरून ती सिद्ध होत नाही. याच टक्केवारीत मुलं चौपट असती, म्हणजे 168 पैकी 124 आणि 152 पैकी 132, तर z 2.9 आला असता आणि मी बिनधास्त «वाढला» म्हणालो असतो.

सूत्र चालवण्याआधी एक गोष्ट मात्र बघावीच लागते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते: भागाकार कशानं केला? नोंदणी झालेली, परीक्षेला बसलेली आणि पास झालेली, हे तीन आकडे वेगवेगळे असतात. कच्च्या मुलांना 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवलं, तर शाळेचा निकाल आपोआप चढतो. मागच्या वर्षी नववीतून 42 आली आणि यंदा 38 च का, हे आधी हजेरीपटावर शोधा. गळालेली चारही मुलं कच्ची असतील, तर 42 पैकी 33 धरून 79 टक्केच होतात. ही गळती कुठलीही चाचणी पकडत नाही, कारण तिच्यापुढे तुम्ही दिलेलेच आकडे असतात.

लहान बॅचचं आणखी एक पथ्य आहे. सामाईक 80 टक्क्यांनी दोन्हीकडे अपेक्षित नापास काढले, तर 8.4 आणि 7.6 येतात. हे 5 च्या खाली गेले, की वरचं सूत्र भरवशाचं राहत नाही. तेव्हा फिशरची अचूक चाचणी लावायची. आणि त्याच मुलांचा सराव परीक्षेतला निकाल बोर्डाच्या निकालाशी ताडायचा असेल, तर ही चाचणी चालतच नाही. तिथे दोन वेगळे गट नसतात, तीच मुलं दोनदा मोजलेली असतात. त्यासाठी मॅकनेमारची चाचणी आहे.

74 आणि 87 मधलं अंतर खरं असेल, तर ते दहापैकी आठ वेळा पकडता यावं म्हणून प्रत्येक बाजूला साधारण 145 मुलं लागतात. एका शाळेला त्यासाठी जवळपास चार वर्षं थांबावं लागेल. त्यापेक्षा केंद्रातल्या ज्या तीन-चार शाळांनी यंदाच जादा तास सुरू केले, त्यांचे दोन्ही वर्षांचे आकडे गोळा करा. टक्के नकोत, बसलेली आणि पास झालेली मुलं, शाळावार.